कॅलरी-नोंदीकडून वाटी-पोळीच्या मापाकडे

ठरवलेले वजन गाठल्यावर रोजची कॅलरी-नोंद आणि स्वयंपाकघरातला काटा टप्प्याटप्प्याने सोडून नेहमीच्या भांड्यांच्या अंदाजाने जेवू लागण्याची ही पद्धत आहे. तिला ‘भूक लागेल तसे खाणे’ म्हणतात, पण सुरुवातीच्या काही महिन्यांत भुकेवर विसंबणे चुकीचे ठरते. चरबी घटल्याने लेप्टिन हे तृप्तीचा संदेश देणारे संप्रेरक कमी झालेले असते आणि भूक गरजेपेक्षा जास्त जाणवते. म्हणून आधी माप हाताला बसवायचे आणि मग भुकेला विचारायचे, हा क्रम पाळावा.

पहिली पायरी म्हणजे किती वाढवायचे ते ठरवणे. समजा, एक स्त्री रोज १५०० कॅलरी खाऊन ६४ किलोवर आली आणि शेवटच्या महिन्यात आठवड्याला साधारण ३०० ग्रॅम घटत होती. एक किलो चरबी ढोबळमानाने ७७०० कॅलरींची धरली, तर तिची रोजची तूट सुमारे ३३० येते. म्हणजे वजन टिकवायला तिला १८३० च्या आसपास लागतील. हे ३३० एकदम न वाढवता तीन हप्त्यांत, आणि आकड्यांऐवजी पदार्थांत वाढवावेत. पहिल्या आठवड्यात दुपारी एक पोळी, दुसऱ्यात पाऊण वाटी भात, तिसऱ्यात मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे. प्रत्येक भर सुमारे १०० ते ११० कॅलरींची होते.

पहिल्या आठवड्यातच काटा अर्धा-एक किलो वर जातो आणि बहुतेकजण इथेच घाबरून पुन्हा उपाशी राहू लागतात. ही चरबी नसते. पिष्टमय पदार्थ वाढले की स्नायू आणि यकृतात ग्लायकोजेन साठते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी धरले जाते. जेवण वाढल्याने मीठही वाढते. म्हणून चौथ्या आठवड्याअखेरची सात दिवसांची सरासरी हेच नवे मूळ वजन मानावे.

काटा सोडायची रीत ‘अंदाज आधी, वजन नंतर’ अशी आहे. वाढून घ्यायचे, मनात आकडा धरायचा आणि मगच काट्यावर ठेवायचे. एखाद्या पदार्थाचा अंदाज सलग पाच वेळा दहा टक्क्यांच्या आत आला की तो मोजणे थांबवायचे. भाज्या आणि ताक पहिल्याच दिवशी सोडले तरी चालते. पोळीच्या बाबतीत पोळी मोजण्यापेक्षा लाटी मोजावी: ३० ग्रॅम पिठाची लाटी भिजवलेल्या कणकेची साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरते. नजरेने तोडलेली लाटी महिन्याभरात नकळत ६० ग्रॅमवर जाते. दिवसाला चार पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात त्यामुळे साधारण एका पोळीची भर पडते, आणि मोजणीत मात्र पोळ्या चारच राहतात. भाताची वाटी नेहमी तीच ठेवावी आणि काठाशी सपाट करावी, कारण शीग लावलेली वाटी सहज दीडपट होते.

तेल, तूप, शेंगदाण्याचे कूट आणि ओले खोबरे सर्वांत शेवटी सोडावे. एक चहाचा चमचा तेल म्हणजे जवळपास ४० कॅलरी. फोडणीला पळी वापरली की किती चमचे गेले ते डोळ्यांना कळत नाही. ताटात आल्यावर तर तेल मोजताच येत नाही, म्हणून त्याचा हिशेब घराच्या पातळीवर ठेवावा. नवी पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. चार माणसांच्या घरात एक लिटर तेल साडेबारा दिवस पुरले, तर माणशी रोज २० मिलिलिटर पडले. तीच पिशवी दहा दिवसांत संपू लागली, तर माणशी पाच मिलिलिटर, म्हणजे रोज एक चमचा वाढला. ही वाढ वजनाच्या काट्यावर दिसायला बरेच आठवडे लागतात, पिशवीवर मात्र दहाव्या दिवशीच कळते.

वजन रोज सकाळी किंवा आठवड्यातून तीनदा करून सरासरीच पाहावी. पाळीच्या आधी पाणी धरल्याने चढलेले वजन मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडून पाहावे. सरासरी मूळ वजनाच्या दीड किलो वर सलग दोन आठवडे राहिली, तर सगळी नोंद पुन्हा सुरू न करता तीन दिवस फक्त लाटी, भाताची वाटी आणि तेल मोजावे. घसरण बहुधा या तिघांतच सापडते. सापडली नाही, तर अधूनमधून तोंडात टाकलेले फरसाण आणि चहातली साखर पाहावी.

सुमारे तीन महिने माप स्थिर राहिले की भुकेला वाव द्यावा. पहिले वाढप संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. त्यानंतर साधी भाजी-भाकरी खावीशी वाटली तर घ्यायची, फक्त गोडच हवेसे वाटले तर ती पोटाची भूक नव्हे.

इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींनी पिष्टमय पदार्थांची मोजणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. नोंद न केल्यास जेवणच टाळावेसे वाटते, किंवा जेवल्यावर उलटी काढावीशी वाटते, अशांनी ही पद्धत एकट्याने न करता मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने करावी.