६०० टक्के वाढीचा खांब आणि त्याच्या खाली दडलेला आकडा

रिझल्टचा सीझन आला की दलाल स्ट्रीटपासून डोंबिवली फास्टपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच साच्याचे चार्ट फिरायला लागतात, कंपनीचं नाव, खाली पाच वर्षांचे पाच खांब, प्रत्येक खांबावर 'मागच्या वर्षीपेक्षा इतके टक्के वाढ' असं लिहिलेलं, आणि त्यातला एक खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून पार वर गेलेला. शेअर घेणारा माणूस नेमका त्याच खांबाकडे बघतो. पण असा एकटाच उंच गेलेला खांब बरेचदा त्या वर्षाबद्दल फार काही सांगतच नसतो, तो आदल्या वर्षाबद्दल सांगत असतो.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. पाच वर्षांचा नफा कोटी रुपयांत असा आहे: ४०, ४४, २, १४, १६. आता वाढीचे खांब काढा. दुसऱ्या वर्षी १० टक्के वाढ, तिसऱ्या वर्षी ९५ टक्के घट, चौथ्या वर्षी तब्बल ६०० टक्के वाढ, पाचव्या वर्षी १४ टक्के. चार्टमध्ये चौथं वर्ष म्हणजे सोन्याचं वर्ष वाटतं, आणि त्या एका खांबासाठी उभी पट्टी ६०० पर्यंत ताणल्यामुळे १० आणि १४ टक्क्यांचे खांब जमिनीला चिकटलेल्या रेघांसारखे दिसतात. प्रत्यक्षात चौथ्या वर्षीचा १४ कोटी नफा हा दुसऱ्या वर्षीच्या ४४ कोटींच्या एक तृतीयांशसुद्धा नाहीये. कंपनी खड्ड्यात पडली होती आणि अजून पूर्ण वर आलेली नाही, एवढंच झालंय, पण चार्ट बघून हे कोणालाही कळणार नाही.

कारण साधं आहे. टक्केवारी म्हणजे भागाकार आणि भागायचं असतं मागच्या वर्षीच्या आकड्याने, म्हणजे बेसने. बेस जितका शून्याच्या जवळ तितकं उत्तर फुगतं. वरचे १४ कोटी तसेच ठेवा आणि आधीचा नफा २ ऐवजी १ कोटी धरा, वाढ ६०० वरून थेट १३०० टक्के. चौथ्या वर्षी कंपनीने एक रुपयाही जास्त कमावला नाही, फक्त तिसरं वर्ष एक कोटीने अजून वाईट गेलं आणि खांब दुपटीपेक्षा उंच झाला!

हे फक्त कंपन्यांचं नाही, अख्ख्या देशाच्या आकड्यात आपण हे बघितलंय. औद्योगिक उत्पादन निर्देशांक, ज्याला बातम्यांत आयआयपी म्हणतात, तो एप्रिल २०१९ मध्ये १२६.५ च्या आसपास होता. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन, कारखाने बंद, निर्देशांक ५४ वर आला. मग एप्रिल २०२१ चा पहिला अंदाज आला १२६.६, म्हणजे वर्षाची वाढ १३४ टक्के. दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याशेजारी ठेवून बघा, १२६.५ आणि १२६.६, दोन वर्षांत जवळपास शून्य वाढ. सांख्यिकी मंत्रालयानेही तेव्हा सांगितलं होतं की या काळातले वाढीचे दर कोविडची असाधारण परिस्थिती ध्यानात घेऊन वाचा. आणि मुंबईकरांना तर बेस पार शून्यावर जातो तेव्हा काय होतं हेही माहिती आहे, एप्रिल २०२० मध्ये सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंदच होती, तर एप्रिल २०२१ मध्ये प्रवासी किती टक्के वाढले या प्रश्नाला उत्तरच नाही, एक्सेल तिथे सरळ #DIV/0! दाखवतं.

खरं तर शून्यावर एक्सेल अडतं हे बरंच आहे. शून्याच्या खाली मात्र ते अडत नाही, बेधडक उत्तर देतं आणि खरा घोळ तिथेच होतो. A2 मध्ये मागचं वर्ष, B2 मध्ये यंदाचं, फॉर्म्युला आपला नेहमीचा:

```
=(B2-A2)/A2
```

आपल्या कंपनीला तिसऱ्या वर्षी २ कोटी नफ्याऐवजी २ कोटी तोटा झाला असं समजा, आणि चौथ्या वर्षी तोच १४ कोटी नफा. फरक १६ कोटी, भागिले उणे २, उत्तर उणे ८०० टक्के. कंपनी तोट्यातून नफ्यात आली आणि चार्टवर लाल खांब खाली गेला! उलटंही होतं, तोटा २० कोटींवरून ३० कोटींवर गेला तर हाच फॉर्म्युला अधिक ५० टक्के म्हणतो, हिरवा खांब वर, आणि पन्नास कंपन्यांची शीट एकदम ड्रॅग करून भरली असेल तर हे कोणाच्या नजरेलाही येत नाही.

मग लोक एक उपाय करतात, खालच्या आकड्याचं उणे चिन्ह काढून टाकतात:

```
=(B2-A2)/ABS(A2)
```

आता चिन्ह बरोबर येतं, नफ्यात आली तर हिरवं, तोटा वाढला तर लाल. म्हणून हा फॉर्म्युला खूप जण वापरतात, पण माझ्या मते हा पहिल्यापेक्षा जास्त धोकादायक आहे कारण तो बरोबर असल्यासारखा दिसतो. १ कोटी तोट्यातून १४ कोटी नफ्यात आलेल्या कंपनीला तो १५०० टक्के देतो, २ कोटी तोट्यातून आलेलीला ८०० टक्के, आणि २० कोटी तोट्यातून आलेलीला फक्त १७० टक्के. सगळ्यात मोठी मजल जिने मारली तिचा खांब सगळ्यात बुटका! या आकड्यांवर कंपन्यांची क्रमवारी लावली तर ती चक्क उलटी लागते.

म्हणूनच नीट काम करणारे ॲनालिस्ट बेस उणे असला की टक्के लिहितच नाहीत, तिथे 'NM' टाकतात म्हणजे अर्थपूर्ण नाही, किंवा 'तोट्यातून नफ्यात' असं शब्दांत लिहितात. तरीही कंपन्यांची तुलना करायचीच असेल तर भागाकार वेगळ्या गोष्टीने करता येतो, नफ्यातला फरक विक्रीने भागायचा, कारण चालू धंद्याची विक्री उणे नसते आणि सहसा इतकी शून्याजवळही जात नाही. या कंपन्यांची विक्री दरवर्षी ४०० कोटी धरा. २ कोटी नफ्यावरून १४ कोटींवर येणारीचं मार्जिन, म्हणजे विक्रीच्या किती टक्के नफा उरला तो आकडा, ०.५ वरून ३.५ टक्क्यांवर गेलं, म्हणजे ३ अंकांनी सुधारलं, २ कोटी तोट्यातून येणारीचं ४ अंकांनी आणि २० कोटी तोट्यातून येणारीचं ८.५ अंकांनी. क्रम आपोआप सरळ झाला. हीच पद्धत लावली तर ४४ कोटींच्या वर्षी मार्जिन ११ टक्के होतं हेही समोर येतं आणि ३.५ टक्क्यांवर उड्या मारायचं कारण उरत नाही. विक्रीच अर्ध्यावर आली असेल तर मात्र मार्जिनसुद्धा गंडवतं, तेव्हा नुसते रुपये बघायचे.

आणि हे रुपये शोधायला कुठे लांब जावं लागत नाही. लिस्टेड कंपनीचा तिमाही निकाल बीएसईच्या साइटवर असतो, त्या तक्त्यात यंदाच्या तिमाहीशेजारी आधीची तिमाही आणि तिच्या बाजूला मागच्या वर्षीची हीच तिमाही, असे रकाने असतात. मागच्या वर्षीच्या रकान्यात 'कर वजा जाता नफा' या ओळीवर बोट ठेवायचं. तिथे आकडा कंसात असेल तर तो तोटा आहे, म्हणजे फॉरवर्ड आलेल्या चार्टवरची टक्केवारी तिथल्या तिथे बाद. कंस नसेल पण आकडा कंपनीच्या नेहमीच्या नफ्यापुढे अगदीच किरकोळ असेल तर दोन वर्षांपूर्वीच्या त्याच तिमाहीचा निकाल उघडायचा आणि तुलना त्याच्याशी करायची.