बाजार ‘निवळण्याची’ वाट

“शेअर बाजार निवळला की पैसे परत घालतो. तोवर बचत खात्यात पैसे सुरक्षित आहेत न्हवं?”

निवळल्याची दवंडी कुणी पिटत नाही, मामा. २३ मार्च २०२० ला शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी ७,६१० वर बंद झाला, तेव्हा देशात टाळेबंदी लागत होती. बातम्या वाईटच होत्या, तरी नोव्हेंबरात निफ्टी १३,००० पार. शाहूपुरीतले आमचे एक गूळ-अडते तेव्हा बाहेरच बसले होते, याची मला अजून हळहळ वाटते.

तुमचे सहा लाख लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवा. तिथून दरमहा पन्नास हजार त्याच फंड कंपनीच्या, निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात आपोआप जातील अशी सोय, म्हणजे एसटीपी, बारा महिन्यांसाठी लावा. बाजार सरळ चढला तर एकरकमीपेक्षा कमी मिळेल, हे खरं. पण चौथ्या महिन्यात बाजार पडला म्हणून एसटीपी थांबवू नका, तेव्हाच युनिट जास्त येतात. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा मात्र यात घालू नका.