करार संपलेल्या खेळाडूचे पैसे कोणाला आणि का?

फुटबॉलप्रेमींच्या गप्पांत एक प्रश्न नेहमी निघतो. खेळाडूचा करार संपला, तो मोकळा झाला, मग दुसऱ्या क्लबात जाताना जुन्या क्लबाला पैसे कशाचे? हा म्हणजे माणसांचा बाजारच, असं म्हणून विषय संपवला जातो. पण या पैशांमागे साध्या संभाव्यतेचं एक सुंदर गणित आहे.

ऑलिव्हिए बर्नार हा फ्रेंच खेळाडू १९९७ साली ऑलिंपिक लिऑन या क्लबाशी तीन वर्षांच्या प्रशिक्षणार्थी कराराने बांधला गेला. मुदत संपताना लिऑनने त्याला एक वर्षाचा व्यावसायिक करार देऊ केला. त्याने तो नाकारला आणि इंग्लंडच्या न्यूकॅसल युनायटेडकडे गेला. लिऑनने सुमारे ५३ हजार युरोंची भरपाई मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं आणि मार्च २०१० मध्ये निकाल लागला. प्रशिक्षणाच्या खर्चाची भरपाई मागणं रास्त आहे, असं न्यायालय म्हणालं. पण लिऑनचा आकडा मात्र चुकीच्या पायावर उभा होता. तो बर्नारला वर्षभरात मिळाला असता त्या पगारावरून काढलेला होता, त्याला घडवायला आलेल्या खर्चाशी त्याचा संबंध नव्हता.

खरी मेख पुढे आहे. न्यायालयाने सांगितलं की भरपाई ठरवताना जी मुलं पुढे कधीच व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, त्यांच्यावर झालेला खर्चही धरला पाहिजे. वरवर हे विचित्र वाटतं. न झालेल्या खेळाडूंचं बिल झालेल्याच्या नावावर का?

समजा, एका क्लबात दहा मुलं आहेत आणि प्रत्येकावर एक लाख खर्च होतो. दहांतला एकच व्यावसायिक होतो, पण तो कोण हे सुरुवातीला कळत नाही. म्हणजे एक खेळाडू घडवायला क्लबाला दहा लाख लागले. दुसरा क्लब त्या एकाला फक्त त्याचा एक लाख भरून घेऊन गेला, तर पहिल्याचे नऊ लाख बुडाले. शिवाय घेऊन जाणाऱ्याचे ते नऊ लाख वाचले, त्यामुळे तो पगारही जास्त देऊ शकतो. मग प्रत्येक क्लब दुसऱ्याने मुलं घडवायची वाट बघत बसेल आणि कोणीच घडवणार नाही. एक खेळाडू तयार व्हायला सरासरी किती मुलांना शिकवावं लागतं, या संख्येला फिफाच्या नियमांत ‘प्लेअर फॅक्टर’ म्हणतात. एका मुलाच्या खर्चाला तिने गुणायचं.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं की जे कौशल्य कुठेही चालतं, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक आपणहून उचलत नाही, शिकणाऱ्यालाच तो कमी पगाराच्या रूपात सोसावा लागतो. बारा वर्षांच्या मुलाला पगारच नसतो, तो काय सोसणार?

पुढे जाणारा मुलगा कोण हे आधी कळत नाही, यावरच हे सगळं गणित उभं आहे. तरी बोटांच्या ठशांवरून मुलाची उपजत गुणवत्ता सांगणाऱ्या चाचण्या आपल्याकडे जोरात विकल्या जातात. त्या खऱ्या असत्या तर युरोपातल्या श्रीमंत क्लबांनी दहांऐवजी एकाच मुलाला शिकवलं असतं. पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत.

आता आकडे बघू. फिफाच्या नियमांनुसार प्रत्येक देशाचा महासंघ आपल्या क्लबांना, ते प्रशिक्षणावर किती खर्च करतात ते बघून, चार श्रेणींत बसवतो. युरोपात पहिल्या श्रेणीचा भरपाईचा वार्षिक दर ९० हजार युरो, तर चौथीचा १० हजार. दर जुन्या क्लबाच्या खर्चाचा नाही, नव्या क्लबाच्या श्रेणीचा लागतो, कारण हाच मुलगा स्वतः घडवायला त्याला किती लागले असते हे मोजायचं असतं. युरोपाबाहेरच्या एका छोट्या क्लबाने एका मुलाला १२ ते १८ व्या वाढदिवसाच्या हंगामांत, म्हणजे सात हंगाम शिकवलं आणि १९ व्या वर्षी त्याने युरोपातल्या पहिल्या श्रेणीच्या क्लबाशी पहिला व्यावसायिक करार केला, असं धरू. पहिल्या चार हंगामांना चौथ्या श्रेणीचाच दर लागतो, म्हणजे ४० हजार. उरलेल्या तीन हंगामांचे २ लाख ७० हजार. एकूण ३ लाख १० हजार युरो.

इथेच या व्यवस्थेची दुखरी बाजू दिसते. बेताच्या गुणवत्तेच्या मुलासाठी एवढे पैसे मोजायला नवा क्लब तयार होत नाही. मग जुन्या क्लबाने हक्क सोडावा म्हणून घासाघीस होते, आणि तो अडून बसला तर मुलगा मधल्यामध्ये अडकतो. शिवाय हा फिफाचा नियम एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यालाच लागू होतो, देशातल्या देशात तिथल्या महासंघाचे नियम चालतात.

आणि हक्क असला तरी पैसे हातात येतीलच असं नाही. वर्षानुवर्षं छोट्या क्लबांना आपला मुलगा कुठे करारबद्ध झाला हेच कळत नसे. नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिसमधलं फिफाचं क्लिअरिंग हाउस, म्हणजे क्लबांमधले हे पैसे वळते करणारी संस्था, खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून, म्हणजे तो कधी कुठल्या क्लबात होता याच्या नोंदीवरून, हिशेब लावते. तो पासपोर्ट बनतो मुलाच्या नोंदणीवरून. ज्या क्लबाने बारा वर्षांच्या पोराची नोंद महासंघाकडे केलीच नाही, त्याला आपली वर्षं सिद्ध करणं फार कठीण जातं.