एका संभाषणात किती फोटो? चॅटजीपीटीचा मोफत आणि पैसे भरून घेतलेला प्लॅन

कोथरूडच्या एका गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घेऊ. सभावृत्ताच्या जुन्या वहीची हातानं लिहिलेली अठरा पानं आहेत. सचिवांना ती चॅटजीपीटीकडून टाइप करून हवी आहेत आणि त्यांनी मोबाइलवर सगळ्या पानांचे फोटो काढले आहेत.

मोफत खात्यावर दिवसाला 3 फाइल चढवता येतात आणि फोटोही फाइलच धरला जातो. म्हणजे अठरा पानांना सहा दिवस. पैसे भरून घेतलेल्या प्लस प्लॅनमध्ये दर 3 तासांना 80 फाइलपर्यंत मुभा आहे, त्यामुळे सगळं एका बैठकीत होतं. गर्दीच्या वेळी हे आकडे कमीही केले जातात. एका फोटोचा आकार 20 एमबीच्या आत हवा, ही अट दोन्हीकडे सारखीच.

बहुतेकांची गल्लत इथे होते. ही मर्यादा संभाषणाला नसून खात्याला आणि वेळेला आहे. त्यामुळे नवीन संभाषण उघडलं म्हणून मोजणी पुन्हा शून्यावर येत नाही. कोटा संपला की तसा संदेश येतो, मग थांबावंच लागतं.

कमी थांबायचं असेल तर समोरासमोरची दोन पानं एकाच फोटोत घ्या. अठरा पानांचे नऊ फोटो होतात आणि काम तीन दिवसांवर येतं. चार-चार पानं मात्र जोडू नका. मोठं चित्र लहान करून वाचलं जातं, त्यात बारीक अक्षर पुसट होतं आणि आकडे चुकतात. हे ओळखायला प्रत्येक पानावरची एक तारीख आणि एक रक्कम वहीशी ताडून बघा. सगळ्या पानांची एक पीडीएफ करण्याचा मोह होईल, पण वैयक्तिक प्लॅनवर पीडीएफमधला फक्त मजकूर घेतला जातो. स्कॅन केलेल्या पानात मजकूर नसतो, निव्वळ चित्र असतं, म्हणून हाती फारसं लागत नाही.

पात्रता आणि कागदपत्रं थोडक्यात. वय किमान 13 हवं आणि 18 पूर्ण नसेल तर पालकांची परवानगी लागते. आधार किंवा पॅन लागत नाही, ईमेलवर खातं उघडतं. प्लससाठी महिना 1,999 रुपये. ऑगस्ट 2025 मध्ये भारतात 399 रुपयांचा गो प्लॅन सुरू झाला, तेव्हा त्यात मोफतच्या दसपट फाइल देऊ केल्या होत्या आणि यूपीआयनं पैसे भरायची सोयही आली. महिन्यातून एकदाच अठरा पानं असतील तर माझ्या मते प्लसची गरज नाही.

पैसे भरण्याआधी खात्याच्या सेटिंग्जमध्ये प्लॅनचं नाव आणि नूतनीकरणाची तारीख बघा. मोबाइलमधल्या अॅप स्टोअरवरून घेतलेला प्लॅन तिथूनच रद्द करावा लागतो, अॅप काढून टाकल्यानं पैसे कापले जायचे थांबत नाहीत. आणि फोटो चढवण्याआधी वहीतले सभासदांचे फोन नंबर कागदाच्या पट्टीनं झाका.