एकाच मळ्याच्या तीन पुड्या : वॉश्ड, नॅचरल आणि हनी

"हनी कॉफीत मध किती घालता?" दुकानात दर आठवड्याला कोणीतरी हे विचारतंच. थेंबभरही नाही. मग हे नाव का, ते पुढे येईल.

या खोक्यातल्या तिन्ही पुड्या चिकमगळूरजवळच्या एकाच मळ्यातल्या आहेत. जात एकच, एस. ७९५ अरेबिका. तोडणी जानेवारीतली, भाजणी आमच्याकडची, मध्यम. फरक आहे तो बीवरचं फळ कधी आणि किती काढलं याचा.

कॉफीचं पिकलेलं लाल फळ चिमटीत दाबलं की बहुधा दोन बिया सटकन बाहेर येतात. त्यांच्यावर भोकराच्या चिकासारखा बुळबुळीत, गोडसर थर असतो. त्याखाली पार्चमेंट नावाचं कडक टरफल आणि त्याच्या आत हिरवट बी. चवीतला बराचसा फरक त्या चिकट थरामुळे पडतो.

वॉश्ड पुडीतली फळं तोडणीच्या दिवशीच पल्परमधून काढून त्यांची साल वेगळी केली. चिकट बिया मग टाकीत आंबवायला ठेवतात. हवेच्या गारव्यानुसार याला साधारण १२ ते ३६ तास लागतात. टाकीवरचा माणूस घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवतो. मूठभर बिया चोळल्यावर बुळबुळ न लागता बारीक खडीसारखा खरखर आवाज आला, की धुवायला घ्यायच्या. उशीर झाला तर काही बिया कुजतात, आणि अशी एखादी बी दळणात आली तरी सगळा कप नासतो. नीट झालेली वॉश्ड कॉफी चवीला स्वच्छ लागते. मोसंबीसारखा आंबटपणा, अंग हलकं, आणि घोट गिळल्यावर तोंड मोकळं.

नॅचरलमध्ये फळ सोलतच नाहीत. अख्खंच उन्हात वाळवतात, आमसुलासारखं काळं आणि सुरकुतलेलं होईपर्यंत. याला दोन ते चार आठवडे लागतात. मजूर दिवसातून अनेकदा दाताळ्याने फळं परततात आणि रात्री दवासाठी वर झाकण घालतात. फळातली साखर बीमध्ये मुरते म्हणून नॅचरल गोड, असं सर्रास सांगितलं जातं. आम्हीही पूर्वी सांगायचो. पण गोष्ट तेवढी सरळ नाही. फळ वाळताना सालीआड जे आंबणं चालतं, त्यातून फळांसारखे वास तयार होतात. शिवाय बी जिवंत असते. ओल्या प्रक्रियेत ती रुजायची तयारी करू लागते आणि त्यात तिच्या साध्या साखरा बऱ्याच खर्च होतात. नॅचरलमध्ये त्या जास्त शिल्लक राहतात.

कपात मग पिकल्या फणसाचा, मनुकांचा, कधी वाइनसारखा वास येतो आणि घोट जाड लागतो. धोकाही इथेच सर्वात मोठा. जानेवारीत एखादी अवकाळी सर आली किंवा थर जाड झाला की फळं आतून आंबट होतात. दोन वर्षांपूर्वी आलेला एक लॉट नमुन्याला सुंदर होता. पोतं उघडलं तर शिरक्याचा वास. तो आम्ही परत पाठवला. नॅचरलला फणसाचा वास चालतो, व्हिनेगरचा किंवा ओल्या गोणपाटाचा नाही. आमच्या पुडीत तसा वास आला तर बिनधास्त परत आणा.

हनी या दोघांच्या मधली. साल काढायची, पण चिकट थर न धुता बी तशीच वाळवायची. वाळताना ती मधासारखी चिकटते, म्हणून हे नाव कोस्टा रिकात रूढ झालं. थर जितका जास्त ठेवावा आणि वाळवण जितकं सावकाश करावं, तितका रंग पिवळ्यावरून लाल आणि काळ्याकडे जातो. तुमच्या पुडीत लाल हनी आहे. पहिले दोन-तीन दिवस बियांचे चिक्कीसारखे गठ्ठे होतात. ते हाताने फोडावे लागतात, नाहीतर आत बुरशी धरते. कपात गूळ आणि चिकूकडे झुकणारा गोडवा, आंबटपणा वॉश्डपेक्षा मवाळ.

पुड्यांची सरमिसळ झाली तर भाजलेल्या बीची मधली चीर बघा. वॉश्डमध्ये ती फिकट, जवळपास पांढरी राहते आणि नॅचरलमध्ये तपकिरी होते. हनीबाबत मात्र ही खूण नेहमी चालत नाही.

चव घेताना तीन कप शेजारी मांडा. प्रत्येकात १२ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि २०० मिली पाणी. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून काढून टाका, गाळ खाली बसू द्या आणि चमच्याने सुरका मारून प्या. गरम असताना तिन्ही जवळची वाटतील. कोमट झाल्यावर पुन्हा प्या, फरक तेव्हा कळतो.

दूध घालणार असाल तर नॅचरल किंवा हनी घ्या. वॉश्डचा तो मोसंबीचा आंबटपणा दुधात आम्हाला तरी विचित्र लागतो.