‘अगं, डिट्टो तिच्यासारखी दिसतेस!’: चेहरे जुळवण्याचा इतिहास

गेल्या दिवाळीत माझ्या मावसबहिणीने आपले दोन फोटो एका मोबाइल ॲपमध्ये टाकले. पहिला तिच्या भावाने अंगणातून, सहा-सात फुटांवरून काढलेला. दुसरा तिने स्वतः स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली हात लांब करून घेतलेला सेल्फी. दिवस तोच, कुर्ता तोच, टिकली तीच. ॲपने पहिल्या फोटोला एक नटी जोडली आणि दुसऱ्याला वेगळीच, आणि दोन्ही वेळा ऐंशीच्या वरचे टक्के दाखवले. घरात वाद झाला तो दोघींपैकी खरी कोण, यावर. फोटो बदलल्यावर उत्तर बदललं कसं, हे कुणी विचारलं नाही. वास्तविक फोटोवरून माणूस ओळखण्याचा इतिहास याच प्रश्नापासून सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या पोलिसांकडे गुन्हेगारांच्या फोटोंचा ढीग साचला होता. पण पकडलेला माणूस त्या ढिगात शोधायचा कसा? दाढी वाढवली, उजेड बदलला, मान थोडी वळवली की तोच माणूस परका वाटे. तिथे कारकून असलेल्या आल्फोन्स बर्तियों याने १८८०च्या दशकात यावर उपाय काढला. त्याने डोक्याची लांबी-रुंदी, डावं पाऊल, डाव्या हाताचं मधलं बोट अशी हाडांची मापं घ्यायला सुरुवात केली, आणि फोटोसाठी अंतर, खुर्ची, उजेड सगळं ठरवून टाकलं. एक फोटो समोरून, एक बाजूने. बाजूचा फोटो मुख्यतः कानासाठी होता. हावभावाने कान बदलत नाही आणि दोन माणसांचे कान सहसा सारखे नसतात, म्हणून त्याचा सगळ्यात जास्त भरवसा कानावर होता. आज नटीशी तुलना करताना कानाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही; तो बहुतेक वेळा केसांखाली झाकलेला असतो.

बर्तियोंने अंतर ठरवून घेतलं याचं कारण साधं आहे. कॅमेरा जवळ आला की नाकाचा शेंडा लेन्सच्या जवळ येतो आणि कान त्या मानाने बरेच मागे राहतात. त्यामुळे नाक मोठं आणि चेहरा निमुळता दिसतो. अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं. पाच फुटांवरच्या फोटोच्या तुलनेत बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. बहिणीच्या दोन फोटोंतलं नाक एकच होतं, पण कागदावर ती दोन वेगवेगळी नाकं होती. नट्यांचे फोटो तर मेकअप करून, लांबून, मोठ्या लेन्सने काढलेले असतात.

मग माणसं नेमकं काय जुळवतात? १९७९ मध्ये ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याचे दोन भाग करून हे तपासलं: आतला म्हणजे डोळे, नाक, तोंड, आणि बाहेरचा म्हणजे केस, कपाळाची रेषा, हनुवटीची कड. ओळखीचा चेहरा लोक आतल्या भागावरून जास्त चांगला ओळखतात. अनोळखी चेहऱ्यात मात्र बाहेरचा भागही तितकाच कामाला येतो. आणि ओळखीच्या चेहऱ्यातही हा बाहेरचा भाग कसा फसवू शकतो, याचा झकास दाखला १९९६ मध्ये पवन सिन्हा आणि तोमासो पोज्जो या संशोधकांनी दिला. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपाध्यक्ष अल गोर शेजारी उभे असलेला फोटो घेऊन त्यांनी गोर यांच्या डोक्यावर क्लिंटन यांचेच डोळे, नाक आणि तोंड बसवलं. बघणाऱ्यांना तरीही क्लिंटन आणि गोरच दिसले. केस, डोक्याचा आकार, सूट आणि मागे उभं राहण्याची जागा एवढ्यावर डोळ्यांनी निकाल दिला होता.

आपल्या हिंदी सिनेमाला हे प्रयोगशाळेशिवायच कळलं होतं. ‘ज्युनिअर देव आनंद’ म्हणून गाजलेले किशोर भानुशाली पडद्यावर आले की लोक आधी केसांचा फुगा, तिरकी मान आणि लकब ओळखत. नाक-डोळे मोजायला कोण बसलंय! डुप्लिकेटची सगळी कला याच बाहेरच्या खुणांवर उभी आहे, आणि एका स्थिर फोटोत त्या सहज उसन्या घेता येतात.

आतल्या भागातही सगळ्याला सारखं वजन नाही. सिन्हा यांच्याच गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले आणि एकदा भुवया. भुवया गेल्यावर ओळखणं जास्त अवघड झालं. आता विचार करा, भुवया कोरून घेतल्या, पेन्सिलीने जाड केल्या तर ‘साम्य’ पार्लरमध्ये तयार होतं की नाही? माधुरीची तुलना मधुबालेशी होत आली ती मुख्यतः हसण्यावरून. ओठ मिटलेल्या दोन फोटोंत ती तुलना पुष्कळ फिकी पडते.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. मानसशास्त्रज्ञ रॉब जेन्किन्स, माइक बर्टन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी २०, असे ४० फोटो पत्त्यांसारखे छापले. ब्रिटिश लोकांना सांगितलं, एकेका व्यक्तीचे गठ्ठे करा. या बायकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बरोबर उत्तर दोन गठ्ठे, पण ते एकालाही जमलं नाही. त्यांना त्यात साधारण सात-आठ वेगवेगळ्या बायका दिसल्या. डच लोकांनी मात्र जवळजवळ सहज दोन गठ्ठे केले. म्हणजे एकाच व्यक्तीच्या दोन फोटोंत जेवढा फरक असू शकतो, तेवढाही दोन व्यक्तींच्या दोन फोटोंत नसू शकतो. तुम्हाला नटी ओळखीची असते, तिची शेकडो रूपं पाहिलेली असतात. तिच्या शेजारी ठेवलेल्या मुलीचा मात्र एकच फोटो असतो. तिथे तुलना लंगडीच होते.

यंत्रं शिकली तीही प्रसिद्ध चेहऱ्यांवरच, कारण फोटो त्यांचेच मिळत. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने बातम्यांतून गोळा केलेल्या गाजलेल्या संग्रहात ५,७४९ लोकांचे १३,२३३ फोटो होते. त्यातले ५३० एकट्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे, तर ४,०००हून अधिक जणांचा एकेकच. २०१५ पासून गाजलेल्या पद्धतीत यंत्र आधी चेहरा शोधतं, डोळे एका रेषेत आणतं, मग चेहऱ्याचं १२८ आकड्यांत रूपांतर करतं. ज्यांचे आकडे जवळ, ते चेहरे सारखे. आता तुलनेचं ॲप काय करतं? आपल्या यादीतला सगळ्यात जवळचा चेहरा दाखवतं. यादीत तुमच्यासारखं कुणीच नसेल, तरी कुणीतरी ‘सगळ्यात जवळचं’ असतंच. टक्के म्हणजे त्या अंतराचं सजवलेलं रूप. दहा जणांपैकी आठ जण फसतील, असा त्याचा अर्थ नाही.

जानेवारी २०१८ मध्ये गूगलच्या कला-ॲपमधली, सेल्फीला संग्रहालयांतल्या चित्रांशी जोडण्याची सोय गाजली तेव्हा हे उघडं पडलं. चित्रं मोठ्या प्रमाणावर युरोप-अमेरिकेतली, त्यामुळे आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांना तीच ती मोजकी चित्रं मिळू लागली आणि त्यांनी तक्रार केली.

म्हणून ॲपचा निकाल पाहायचा असेल तर एक फोटो देऊ नका. आठ-दहा फोटो द्या: चार-पाच फुटांवरून, हसून आणि न हसता, केस मागे बांधून आणि मोकळे. तीच नटी बहुतेक वेळा आली तर साम्यात काहीतरी तथ्य आहे. मी बहिणीचे नऊ फोटो टाकले. सहा वेगवेगळ्या नट्या निघाल्या. तिघींशी जुळणी झाली ती फक्त केस मोकळे असताना.

खरी जोडी असते का? कॅनडाचे छायाचित्रकार फ्रांस्वा ब्रुनेल एकमेकांशी नातं नसलेल्या हुबेहूब जोड्या शोधून त्यांचे फोटो काढत आले आहेत. बार्सिलोनाचे संशोधक मानेल एस्टेलर यांच्या गटाने त्यातल्या ३२ जोड्या घेतल्या आणि चेहरा ओळखणाऱ्या तीन वेगवेगळ्या प्रणालींपुढे ठेवल्या. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात तिन्ही प्रणालींचं एकमत झालेल्या जोड्या १६ होत्या. खास सारखी दिसतात म्हणून निवडलेल्या माणसांतही निम्म्याच.