फोटोतलं दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं घर: स्टॉक साइटवर पाठवण्याआधी

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आमच्याकडे जे फोटो दुरुस्तीला येतात, त्यातले बरेचसे स्टॉक साइटनं, म्हणजे फोटो विकणाऱ्या साइटनं, आधी एकदा नाकारलेले असतात. कारण म्हणून साइटनं ट्रेडमार्क किंवा प्रॉपर्टी रिलीज, म्हणजे मालमत्तेच्या मालकाची लेखी परवानगी, असं काहीतरी कळवलेलं असतं. ‘एवढा एक लोगो पुसून द्या’ म्हणून ग्राहक फाइल ठेवून जातात. पण नुसता लोगो पुसून बरेचदा भागत नाही. का भागत नाही ते आधी समजून घेतलंत, तर तुमचे पैसे आणि खेप दोन्ही वाचतील.

आधी ठरवा: कमर्शियल की एडिटोरियल

शटरस्टॉक किंवा अ‍ॅडोबी स्टॉकसारख्या साइटवर फोटो दोन प्रकारे विकला जातो. कमर्शियल फोटो घेणारा तो होर्डिंगवर, खोक्यावर, बँकेच्या जाहिरातीत कुठेही लावू शकतो. म्हणून त्यात दुसऱ्या कंपनीची खूण किंवा ओळखू येणारी खासगी मालमत्ता परवानगीशिवाय चालत नाही. एडिटोरियल फोटो बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांसाठी असतो. तिथे पाट्या आणि लोगो चालतात, पण समोर जे होतं ते तसंच राहिलं पाहिजे. थोडा उजेड वाढवणं, कडा कापणं एवढंच मान्य. त्यातून काही पुसलं, तर तो एडिटोरियल राहत नाही.

आपल्याकडच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा फोटो घ्या. त्यात मंडळांचे फलक, दुकानांच्या पाट्या आणि शेकडो चेहरे असतात. फलक पुसले तरी चेहऱ्यांसाठी प्रत्येकाची लेखी संमती लागणार, आणि पुसल्यामुळे एडिटोरियलची वाटही बंद होणार. असा फोटो हात न लावता, ठिकाण आणि तारीख लिहून शटरस्टॉकवर एडिटोरियलमध्येच पाठवा. त्यासाठी आमच्याकडे यायची गरजच नाही.

एका फोटोची उजळणी

आता कमर्शियलकडे वळू. शहापुरातली गल्ली, सकाळची वेळ, जुन्या कौलारू घराच्या भिंतीला टेकून उभी स्कूटर आणि तिच्यावर पडलेलं तिरकं ऊन. अशा फोटोत आम्ही काय काय शोधतो ते पाहा.

स्कूटरपासून सुरुवात करू. पुढचं चिन्ह सगळ्यांनाच दिसतं. बाजूच्या पत्र्यावरचं मॉडेलचं नाव, टायरवरची उठावाची अक्षरं आणि नंबर प्लेटखालचं शोरूमचं स्टिकर मात्र निसटतं. ‘केए २२’नं सुरू होणारा पूर्ण नंबर जायलाच हवा. प्लेटची चौकट आणि स्क्रू ठेवून आम्ही आतली अक्षरं काढतो, म्हणजे ती कोऱ्या प्लेटसारखी दिसते. नंबरावर धुरकट पट्टा मारून आणू नका. तो पट्टा तपासणाऱ्याला लगेच दिसतो आणि फोटो बिघडल्याच्या कारणावरून परत येतो. स्कूटरच्या आरशातही एकदा पाहा. समोरच्या दुकानाची पाटी तिथे उलटी उमटलेली असते.

मग भिंत. गावोगावच्या भिंतींवर सिमेंटच्या, मोबाइलच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, आणि चुना उडाला तरी अर्धी अक्षरं शिल्लक राहतात. ‘नाव कुठे पूर्ण वाचता येतंय?’ असं ग्राहक विचारतात. पण कंपनी नुसत्या अक्षरांनी ओळखू येते असं नाही. ठरावीक पिवळा आणि त्यावरचा ठरावीक लाल रंग पुरेसा असतो. म्हणून फोटो आधी अंगठ्याच्या नखाएवढा करून पाहा. एवढ्या आकारातही कंपनीचं नाव तुमच्या तोंडी आलं, तर अक्षरांबरोबर रंगही बदलावा लागेल.

भिंत पुसताना आम्ही मूळ थराला हात लावत नाही. वर रिकामा थर घेऊन त्यावर क्लोन स्टॅम्पनं काम करतो, आणि नमुना त्याच उन्हातल्या जागेवरून उचलतो. सावलीतला पोपडा उन्हात ठेवला की तो डाग दिसतो. एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा उचललं, तर तीच भेग तीन ठिकाणी उगवते. हे पकडायला दोन उपाय आहेत. फोटो आडवा उलटवून १०० टक्के आकारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरा. मग वर कर्व्हजचा थर टाकून कॉन्ट्रास्ट अतोनात वाढवा, म्हणजे लपलेले ठिगळ उघडे पडतात. तपासून झालं की तो थर काढून टाका.

घराचं काय?

सगळ्यात जास्त फोटो इथे अडतात. त्या घराच्या दाराशी मालकाच्या नावाची संगमरवरी पाटी आहे, घर क्रमांक आहे, आणि वीजमीटरच्या फळीवर रंगवलेला आरआर नंबर आहे. हे तिन्ही काढता येतं. पण निळं दार, कोरलेली चौकट आणि दोन्ही बाजूंचे कोनाडे तसेच राहिले, तर मालक फोटो पाहताच ‘हे माझं घर’ म्हणेल. साइट हाच प्रश्न विचारते. घरच फोटोचा विषय असेल, तर पाटी पुसून उपयोग नाही, मालकाची सही असलेला प्रॉपर्टी रिलीज लागतो. सही मालकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची हवी, भाडेकरूची चालत नाही. गल्लीतली दहा घरं लांबून एकत्र दिसत असतील आणि कुठलंच एक डोळ्यात भरत नसेल, तर सहसा अडचण येत नाही.

स्कूटरचंही तसंच आहे. काही वाहनांचा आकार हीच त्यांची ओळख असते. चिन्ह काढूनही गाडी ओळखू येत असेल आणि फोटोभर तीच असेल, तर आमचा सल्ला एडिटोरियलचा. मात्र त्यासाठी न पुसलेली मूळ फाइल पाठवा.

काही ग्राहक कायदा दाखवतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या पुतळ्यालाही ही सूट आहे. पण भिंतीवरच्या चित्राला ती सूट नाही, म्हणून एखाद्या कलाकारानं रंगवलेली भिंत पाठीमागे असेल तर आम्हाला जरूर सांगा. शिवाय ट्रेडमार्कचा कायदा वेगळा आहे. आणि तुमचा फोटो जगात कुठेही विकला जाणार असल्यानं साइटचे नियम आपल्या कायद्याहून कडक असतात. आपल्या कायद्यात बसतं म्हणून साइट ऐकत नाही.

फोटो स्वच्छ झाला की शीर्षक आणि कीवर्ड तपासा. चित्रातून काढलेलं कंपनीचं नाव कीवर्डमध्ये राहिलं, तरी कमर्शियल फोटो नाकारला जातो. ‘जुनी स्कूटर, कौलारू घर, सकाळ, बेळगाव’ एवढं पुरे. मॉडेलचं नाव नको, मालकाचं आडनावही नको.

येताना काय आणाल

कॅमेऱ्यातली मूळ फाइल आणा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल दबलेली असते, आणि वर सांगितलेल्या दोन्ही साइटना किमान ४ मेगापिक्सेल लागतात. आधी नाकारला गेला असेल, तर साइटनं कळवलेलं कारण जसंच्या तसं दाखवा. दर फोटो पाहून, कामाला हात लावण्याआधी सांगतो. न पुसता काम होणार असेल तर तेही सांगतो. दुसऱ्या छायाचित्रकाराचा वॉटरमार्क आम्ही काढत नाही, आणि मालकाच्या वतीनं कुणालाही सही करू देत नाही.

रिलीजचे कोरे फॉर्म दुकानात ठेवलेले आहेत. गावाकडे फोटो काढायला निघताना दोनचार घेऊन जा आणि मालक समोर असतानाच सही व तारीख घ्या. कशावर सही करतोय, फोटो कुठेही जाहिरातीत लागू शकतो, हे त्यांना आपल्या भाषेत नीट सांगा. कन्नड बोलणारे असतील तर कन्नडमध्ये सांगा. ‘नको’ म्हणाले तर तो फोटो स्टॉक साइटवर पाठवू नका.